मोकळी जागा किती उरली?

फोटोत डाव्या हाताची कोपरापासून मनगटापर्यंतची आतली बाजू आहे आणि तिच्या मधोमध शिवरायांची अष्टकोनी राजमुद्रा. बाहेर दुहेरी चौकट, आत पाच ओळींत बसवलेली बत्तीस अक्षरं. गोंदवून नऊ वर्षं झाली. चौकट करडी पडली आहे, अक्षरं निळसर आणि पसरट दिसतात. सोबत गिऱ्हाइकाचं एकच वाक्य आलं: "फिकी झालीय, परत डार्क करून मिळेल का?"

महाराष्ट्रात हा टॅटू असंख्य हातांवर आहे, आणि त्यातले बरेचसे लहान आकारात काढलेले आहेत. मुद्रेतल्या श्लोकात च्च, ष्णु, द्र, स्यै अशी जोडाक्षरं आहेत. ती चार मिलिमीटर उंचीत बसवली की पहिल्या वर्षी सुबक दिसतात. खरी परीक्षा नंतर सुरू होते. ज्या दोघांचं बोलणं पुढे दिलं आहे त्यांतले काका कोल्हापुरात टॅटूचं दुकान चालवतात. जुनं काम शक्यतो जपायचं, त्यावर दुसरं चित्र चढवायचं नाही, हे त्यांचं मत. त्यांची पुतणी पुण्यात काम करते आणि तिच्याकडे येणारी बहुतेक माणसं कव्हर-अपसाठीच येतात. एकाच फोटोकडे पाहून दोघांचं अजिबात जमलं नाही.

काका: यात अवघड काय आहे? शाई उतरलीय. चौकटीवरनं एकदा सुई फिरवायची, अक्षरांवरनं एकदा. दोन-तीन तासांत मुद्रा परत उठून दिसेल.

पुतणी: चौकटीचं पटतं. अक्षरांचं नाही पटत. आणि खरं सांगू का काका, या फोटोवरून मी दोन्हींबद्दल काहीच कबूल करणार नाही. ट्यूबलाइटखाली काढलाय, त्याने हात ताणून धरलाय, आणि व्हॉट्सअ‍ॅपने फोटो दाबून लहान केलाय.

काका: फोटो धूसर आहे हे मलाही दिसतंय. पण टॅटूही धूसर आहेच की.

पुतणी: कुठली धूसरता कोणाची, ते आधी वेगळं करायला हवं. झूम करून हातावरची लव बघा. लव आणि कातडीवरच्या बारीक रेषा स्वच्छ दिसत असतील आणि त्यांच्या शेजारीच शाईची कड विरघळल्यासारखी असेल, तर शाई खरोखर पसरलीय. लवच दिसत नसेल तर दोष कॅमेऱ्याचा. या फोटोत लव कुठेच दिसत नाही.

काकांनी फोन जवळ घेतला, लांब धरला, आणि मान्य केलं. मग पुतणीने गिऱ्हाइकाला काय पाठवायचं ते लिहून कळवलं. दिवसा खिडकीपाशी, फ्लॅश न लावता फोटो काढ. हात टेबलावर सैल ठेव, ताणू नकोस. तेल किंवा क्रीम लावू नकोस, ओल्या कातडीवर शाई खोटी गडद दिसते. फोनमधला ब्यूटी फिल्टर बंद कर. फोन अगदी जवळ नेऊ नकोस, फूटभर लांबून धरून दुप्पट झूम कर. मुद्रेशेजारी शाळेची पट्टी आणि पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेव. दुसरा फोटो उजेड एका बाजूने तिरका पडेल असा घे. सगळे फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठव, म्हणजे दाबले जाणार नाहीत. आणि गोंदवल्यानंतर महिन्या-दोन महिन्यांत काढलेला एखादा जुना फोटो सापडला तर तोही हवा.

काका: कागद कशाला?

पुतणी: रंगासाठी. कागद फोटोत पिवळा दिसला तर शाईचा रंगही तेवढाच खोटा आहे हे कळतं. ट्यूबलाइटच्या फोटोत मला अक्षरं हिरवी दिसत होती. खरी किती हिरवी, हे कागदाशेजारी बघितल्यावरच कळेल.

काका: जुन्या बायकांची गोंदणं हिरवीच असतात. काजळाचीच असतात तीसुद्धा.

पुतणी: कारण काळा कण कातडीत खाली असतो. वरच्या थरातून जाताना उजेड विखुरतो आणि खालचा काळा आपल्याला निळा-हिरवा दिसतो. शिरा निळ्या दिसतात त्यामागेही बरंचसं हेच आहे. म्हणून रंग बदललाय एवढ्यावरून शाई संपली असं धरायचं नाही. शाई तिथेच असते.

हा मुद्दा महत्त्वाचा आहे, म्हणून इथे थोडं थांबतो. टॅटूची शाई कातडीच्या दुसऱ्या थरात, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल बसते. तिथल्या भक्षक पेशी शाईचे कण गिळून बसलेल्या असतात. फ्रान्समध्ये मार्सेच्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवर दाखवून दिलं की या पेशी मेल्या की कण मोकळे होतात आणि शेजारच्या नव्या पेशी ते पुन्हा गिळतात. टॅटू टिकतो तो या देवाणघेवाणीमुळे. पण वर्षानुवर्षांत काही कण लसिकाग्रंथींकडे वाहून जातात आणि काही जागच्या जागी थोडे सरकतात. पहिल्यामुळे टॅटू फिका होतो, दुसऱ्यामुळे पसरतो. गिऱ्हाईक दोन्हींना 'फिकी झालीय' असंच म्हणतं, आणि काका-पुतणीचा पुढचा सगळा वाद याच फरकावर उभा आहे.

संध्याकाळी नवे फोटो आले. जुनाही सापडला, गोंदवून दीड महिना झाल्यावरचा.

काका: आता बघ. लव स्वच्छ दिसतेय. चौकटीची रेघ फिकी आहे, मधे दोन ठिकाणी तुटलीय, पण कड सरळ आहे. हे टच-अपचंच काम झालं की नाही?

पुतणी: चौकटीचं झालं. अगदी तुम्ही म्हणता तसं. मनगटाकडचा कोपरा जास्त उतरलाय, तो गाडी चालवतो आणि तो भाग उन्हात येत असणार. तिरक्या उजेडातल्या फोटोत रेघेची सावलीही पडत नाही, म्हणजे कातडी वर उचललेली नाही. कातडी जाड झालेली असती तर तिथे शाई नीट बसली नसती.

काका: आणि उजव्या बाजूला हा निळा धूर दिसतोय, तो?

पुतणी: तो वयाने पसरलेला नाही, ब्लोआउट आहे. जुन्या फोटोत बघा, दीड महिन्यालाही तो तिथेच होता, तेवढाच होता. सुई तिथे जास्त खोल गेली, शाई चरबीच्या थरात उतरली आणि पहिल्या काही दिवसांतच पसरून थांबली. वयाने पसरते ती रेघ दोन्ही बाजूंना सारखी फुगते. ब्लोआउट बहुतेक एका बाजूला ढगासारखा दिसतो आणि रेघ त्याच्या कडेला ठळक राहते. जुना फोटो मागवला तो यासाठीच. नऊ वर्षांत किती बदल झाला आणि पहिल्या दिवसापासून काय बिघडलेलं होतं, हे दोन फोटो शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

काका: ठीक. आता अक्षरं. मला अजूनही वाटतं ती उठवता येतील. बारीक सुई घेऊ, तीन सुयांचा लायनर.

पुतणी: पट्टीवरून मोजू या. मुद्रा चार सेंटिमीटर रुंद आहे. अक्षराची उंची जेमतेम चार मिलिमीटर. जुन्या फोटोत रेघ अर्ध्या मिलिमीटरची होती. आज ती मिलिमीटरच्या जवळ आलीय. आता 'ष'च्या पोटातली जागा बघा.

काका: दिसते थोडी.

पुतणी: थोडी म्हणजे अर्धा मिलिमीटरही नाही. 'द्र' तर पूर्ण बुजलाय. मी एवढंच बघते की दोन रेघांमधली कोरी कातडी रेघेच्या जाडीपेक्षा जास्त आहे की कमी. जास्त असेल तर वरून परत रेघ ओढता येते. कमी असेल तर नाही. तुम्ही तीन सुयांनी बारीक रेघ ओढाल, पण तिच्या दोन्ही बाजूंना जुन्या शाईची करडी कड तशीच राहील. ती झाकायची तर रेघ कडेइतकीच रुंद ओढावी लागेल. मग 'ष'चं पोट गेलं. टच-अप शाई घालतो, काढत नाही.

काका: मधल्या जागेत पांढरी घालून पोट उघडता येईल.

पुतणी: तुम्ही स्वतः कधी केलंय?

काकांनी लगेच उत्तर दिलं नाही. मग म्हणाले की दोन-तीन वेळा केलं होतं, गिऱ्हाइकांच्या हट्टापायी. सहा महिने बरं दिसलं.

पुतणी: आणि नंतर करडं झालं. पांढरी शाई काळ्याच्या वर बसत नाही काका, त्याच थरात काळ्याशेजारी बसते. दोन्ही मिळून राखाडी होतं. कातडीच्या रंगाची शाई घातली तरी तेच. शिवाय आपल्या कातडीचं रंगद्रव्य वरच्या थरात असतं, त्याच्याखालून पांढरी पिवळट-मळकीच दिसते. आणि लेझर करायची वेळ आली तर पांढऱ्या शाईतलं टायटॅनियम लेझरने काळपट पडू शकतं. म्हणजे पुढची वाटही आपणच बंद करून ठेवतो.

इथे मी पुतणीच्या बाजूने आहे. पण काकांच्या आग्रहामागे कारागिराचा हट्ट नव्हता हे त्यांच्या पुढच्या बोलण्यात कळलं.

काका: बरं, अक्षरं उठवायची नाहीत. मग तुझ्या पद्धतीने काय, यावर सिंहाचं तोंड काढायचं? राजमुद्रा झाकली म्हणून त्याला गावात काय ऐकावं लागेल याचा विचार कर. तो मुद्रा काढून टाकायला आलेला नाही, परत मिळवायला आलाय. पुण्यात तुझ्याकडे माणसं जुन्या प्रेयसीचं नाव झाकायला येतात. हे तसं नाही.

पुतणी: मी सिंह म्हटलंच नाही.

काका: पण कव्हर-अप म्हणजे तेच ना?

पुतणी: नेहमी तेच नाही. आणि तुम्ही म्हणता म्हणून सांगते, या मुद्रेचा सरळ कव्हर-अप मीही करणार नाही. आधी कारण बघा.

तिने फोटो कृष्णधवल करून अंगठ्याच्या नखाएवढा लहान केला. काका तिच्या खांद्यावरून पाहत होते.

पुतणी: रंग काढून टाकला की फक्त गडद-फिकं उरतं. सगळ्यात गडद काय दिसतंय? चौकट नव्हे, मधल्या तीन ओळी. अक्षरं इतकी जवळ सरकलीत की सगळा मधला भाग एका डागासारखा वाचला जातो. कव्हर-अपमध्ये नवी शाई जुनीला झाकत नाही, दोन्ही एकत्रच दिसतात. म्हणून नव्या चित्राचा सगळ्यात गडद भाग जुन्या गडद भागावरच यावा लागतो, आणि चित्र जुन्याच्या दुपटीपेक्षा मोठं लागतं. इथे मधे तीन सेंटिमीटरचा गडद डाग आहे. त्यावर बसणारं चित्र आठ-दहा सेंटिमीटरचं आणि मधोमध काळं असणार. हात अख्खा भरून जाईल, आणि ज्याच्यासाठी हे सगळं, ती मुद्राच गेलेली असेल.

काका: म्हणजे तूही नको म्हणतेस.

पुतणी: तुमच्यासारखं टच-अपही नको, नुसता कव्हर-अपही नको. मधला भाग लेझरने फिका करायचा. पूर्ण घालवायचा नाही, फक्त फिका. मग त्याच जागेवर तीच मुद्रा आठ सेंटिमीटरची काढायची, अक्षर आठ मिलिमीटर उंच. त्या मापात 'ष्णु'च्या प्रत्येक पोटात दीड-दोन मिलिमीटर कोरी कातडी राहील. पुढची पंधरा-वीस वर्षं रेघ फुगली तरी वाचता येईल.

काका: लेझर. आपल्या कातडीवर. मी पाहिलंय पोरांचं, टॅटू गेला आणि त्याच आकाराचा पांढरा डाग राहिला. त्यापेक्षा धूसर मुद्रा बरी.

काकांची ही भीती पोकळ नाही. लेझर शाईवर पडतो तसा कातडीतल्या रंगद्रव्यावरही पडतो, आणि सावळ्या, गव्हाळ कातडीत ते जास्त असतं. काळ्या शाईसाठी १०६४ नॅनोमीटरचा क्यू-स्विच्ड लेझर वापरतात तो याचसाठी, की त्या तरंगलांबीवर रंगद्रव्य तुलनेने कमी ऊर्जा शोषतं. तरीही डाग पडू शकतो. उन्हात रापलेल्या हातावर तो पडण्याची शक्यता वाढते.

पुतणी: म्हणूनच त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवायचं, ब्यूटी पार्लरमध्ये नाही. आधी मनगटापासून लांब, एका अक्षरावर चाचणी. चार-सहा आठवडे थांबून कातडीचा रंग परत येतो का बघायचं. आला तरच पुढे. पूर्ण काढायला बऱ्याच बैठका लागतात, आपल्याला फक्त फिकं करायचंय, दोन-तीन पुरतील. दोन बैठकांमध्ये सहा ते आठ आठवडे. शेवटच्या बैठकीनंतर तीन महिने थांबायचं आणि मग सुई. चाचणी धरून सगळं मिळून आठ-नऊ महिने.

काका: एवढा वेळ तो थांबेल? मला विचारशील तर चौकट आत्ताच करून देऊ. चौकट ठीक होती हे तूच म्हणालीस. निदान काहीतरी झालं असं त्याला वाटेल.

पुतणी: ते केलं तर नवी शाई लेझरसमोर ठेवल्यासारखं होईल. मधल्या भागावर लेझर मारताना चौकटीच्या कडेवरही पडणारच. आणि नवी मुद्रा आठ सेंटिमीटरची झाली की ही चौकट आतच येते, अक्षरांच्या मधे. तीही फिकीच करावी लागणार. आज गडद केलेली रेघ उद्या आपल्यालाच नडेल.

हे काकांना पटलं. त्यांनी कागदावर मापं काढून पाहिली: आठ सेंटिमीटरचा अष्टकोन, त्याच्या आत चार सेंटिमीटरचा जुना. जुन्या चौकटीच्या आडव्या बाजू नव्या मुद्रेत नेमक्या अक्षरांच्या दोन रांगांमधल्या कोऱ्या जागेत येत होत्या. नवी अक्षरं पाव सेंटिमीटर सरकवली तर त्या बाजू शिरोरेषांच्या खाली लपत होत्या. हे मोजमाप त्यांनी पुतणीला दाखवलं, आणि ती पहिल्यांदा त्यांच्याकडून काहीतरी शिकल्यासारखी बघत राहिली. जुनी रेघ पूर्ण घालवायची गरजच नव्हती. ती नव्या रेघेखाली येईल एवढंच बघायचं होतं.

काका: म्हणजे लेझर फक्त मधल्या तीन ओळींवर. चौकटीवर नाही. एवढं मी मान्य करतो. दोनच बैठकांत भागेल कदाचित.

पुतणी: भागेल. पण चाचणीशिवाय नाही.

काका: आणि डाग पडला तर?

पुतणी: तर तिथेच थांबायचं. एका अक्षराएवढा डाग नव्या शाईत झाकला जाऊ शकतो. तीन ओळींएवढा नाही.

काका: त्याला हे सगळं फोटोवरून सांगणार?

पुतणी: एवढं फोटोवरून कळतं, बाकीचं नाही. रेघेवर बोट फिरवल्याशिवाय कातडी आतून कडक झालीय का ते कळत नाही, तिरक्या उजेडात दिसलं नाही तरी. त्याला कुठे जखम झाली की वण फुगतो का, ते विचारावं लागेल. फुगत असेल तर लेझरही नको आणि मोठी मुद्राही नको. ही गोष्ट कोणत्याही फोटोत दिसत नाही.

गिऱ्हाइकाला उत्तर काय पाठवायचं यावर पुन्हा थोडी खटपट झाली. पुतणीला लेझरचा पर्याय आधी लिहायचा होता. काका म्हणाले, आधी त्याला काय करू नये ते सांग: कुठल्याही दुकानात जाऊन यावरून काळी रेघ ओढून घेऊ नकोस, कारण एकदा ती ओढली की आज जी कोरी जागा उरलीय तीही जाईल आणि लेझरच्या बैठका वाढतील. मग तिने लिहिलं की मुद्रा आहे तशी ठेवली तर पुढच्या पाच-सात वर्षांत बदल फार हळू होईल, रोज सनस्क्रीन लाव किंवा बाही खाली ओढ, एवढ्यानेही बरंच टिकतं. तिसरा पर्याय लेझर आणि मोठी मुद्रा, आठ-नऊ महिन्यांचा, आणि त्याची पहिली पायरी त्वचारोगतज्ज्ञाकडे एका अक्षरावर चाचणी.

काकांनी त्यात शेवटी स्वतःची एक ओळ घातली: वण फुगतात का ते आईला विचार, लहानपणी पडल्याचं तिला आठवेल, आणि शनिवारी दुकानात ये, हात बघितल्याशिवाय सुई हातात घेणार नाही.